आधी खांदा, मग झूल

पोळ्यावरची ही माहिती-संहिता हातात आली, तेव्हा पहिल्या पानावर सजलेली बैलजोडी, तोरण, डफडं असं काही असेल अशी माझी अपेक्षा होती. यांतलं तिथं काहीच नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे, कोठ्यात अर्धवट अंधार आहे, आणि एक शेतकरी बैलाच्या वशिंडापुढच्या जागेवर अंगठा दाबून बैल अंग चोरतो का ते पाहतो आहे. निवेदकाचं पहिलं वाक्यही तेवढंच आहे. गुरुकुंज मोझरीच्या आसपासच्या शाळांमधल्या काही शिक्षकांनी आणि गावच्या मुलांनी मिळून ही संहिता लिहिली. ती शाळेत वाचून दाखवायची आहे आणि गावोगावी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर पारावर ऐकवायची आहे. मी याच भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. त्यांनी माझ्याकडे दोन पानांची प्रस्तावना मागितली होती. पण त्यांनी सुरुवात खांद्यापासून केली आहे, आणि खांद्याविषयी मला दोन पानांत सांगता येत नाही.

वऱ्हाडात पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरी अमावस्येला येतो. त्याच्या आदल्या दिवसाला खांदशेकणी म्हणतात. अमावस्या चंद्राची असल्यामुळे पोळ्याची इंग्रजी तारीख मागेपुढे होते. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. पंचांग पाहणाऱ्याला हा फरक तीन आठवड्यांचा वाटेल, पण बैलाच्या खांद्यासाठी तो अख्ख्या एका डवरणीचा आहे. पोळा सप्टेंबरच्या मध्यावर आला तर पऱ्हाटी कमरेपर्यंत आलेली असते, तासांमधून बैल घालता येत नाही आणि डवरे माळ्यावर गेलेले असतात. तो ऑगस्टमध्ये आला तर सणानंतर दोन दिवसांनी तोच खांदा पुन्हा जुवाखाली जातो. म्हणून खांदशेकणीच्या हातानं काय शोधायचं हे दरवर्षी थोडं वेगळं असतं. सप्टेंबरच्या पोळ्याला झालेली इजा भरून यायला वेळ मिळणार असतो. ऑगस्टच्या पोळ्याला मात्र या बैलाला परवा जुंपायचं की नाही, हे त्याच संध्याकाळी ठरवावं लागतं.

पोळ्यापर्यंत बैल किती चाललेला असतो याचा हिशेब संहितेत आहे. मी तो पुन्हा करून पाहिला आणि तो बरोबर आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दीड फूट पासेचा वखर एकरभर एकदा फिरवायचा तर बैलजोडीला जवळजवळ ९ किलोमीटर चालावं लागतं. कपाशीच्या दोन तासांत तीन फूट अंतर धरलं, तर एकरभर एक डवरणी साडेचार किलोमीटरांच्या आतबाहेर होते. पाच एकर वावर, पेरणीआधी वखराच्या दोन पाळ्या आणि नंतर चार डवरण्या असं साधं गणित मांडलं तरी पावणेदोनशे किलोमीटर भरतात. अमरावतीहून नागपूर याहून जवळ आहे. यात धुऱ्यावरची वळणं नाहीत, घर ते वावर नाही, आणि खताच्या बंडीच्या खेपाही धरलेल्या नाहीत.

हे सगळं चालणं एका लहानशा जागेवर तोललेलं असतं. आपल्या बैलांना वशिंड असतं. त्याच्यापुढे, मानेच्या शेवटाशी, जू टेकतं. बैल पुढे रेटतो तेव्हा ओढीचा जोर जिथून जमिनीवरच्या अवजारापर्यंत जातो ती जागा तळहाताहून फार मोठी नसते. नवं, खरबरीत किंवा गोल लाकूड असेल तर ती आणखी कमी होते. कातडीखाली तिथं चरबी थोडी असते. जू नुसतं दाबत नाही, प्रत्येक पावलाला ते थोडं पुढंमागं सरकतं. दाब आणि घासणं दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी होत असतं.

आमच्या काळ्या जमिनीत याला पावसाची भर पडते. वाफसा आल्याशिवाय डवरा चालत नाही, कारण चिखल पासेला लिगडतो. वाफसा मिळतो तो दोन पावसांच्या मधले दोन-तीन दिवस. तेवढ्यात सगळं वावर उरकायचं म्हणून बैल पहाटे जुंपला जातो तो दिवस कलेपर्यंत सुटत नाही. जमीन वरून सुकलेली असते, पण खाली ओल धरून असते, त्यामुळे ओढ जास्त लागते. झड लागलेली असेल तर मान दिवसभर ओली राहते. ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला घासणं सोसत नाही. खांदेसूज पावसाळ्यात जास्त दिसते ती यामुळे. पहिल्यांदा जुंपलेल्या गोऱ्ह्यात आणि उन्हाळाभर बसून राहून एकदम मृगाला जुंपलेल्या बैलातही ती दिसते. खांद्यावरची कातडी कामानं हळूहळू राठ होते. तिला तो वेळ मिळाला नाही तर ती सुजते किंवा फाटते.

आता खांदशेकणी. बैलांना त्या दिवशी शक्यतो जुंपत नाहीत. जुंपलंच तर दुपारआधी सोडतात. नदीवर, नाल्यावर किंवा हापशीवर त्यांना धुतात. मान घासून धुणं महत्त्वाचं, कारण खांद्यावर धूळ, घाम आणि जुन्या तेलाची चिकट पुटं बसलेली असतात आणि त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नाही. संध्याकाळी कोमट पाण्यानं खांदा पुसतात. मग तुपात किंवा लोण्यात हळद कालवून ते हातानं चोळतात. तूप परवडेनासं झालं तेव्हापासून बऱ्याच घरी तेल वापरतात. पळसाचं पान किंवा फडकं गरम करून त्यानं वरून शेकतात. मग बैलाच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं जातं. घरातला कर्ता माणूस हे करतो, आणि सालदार असेल तर तो. माझ्या मते सालदारानं करणं जास्त बरोबर, कारण कोणता बैल कोणत्या हाताला चालतो आणि कधीपासून मान तिरपी धरतो हे त्याला ठाऊक असतं.

त्या चोळण्यातच तपासणी असते. तूप-हळदीचा हात कातडीवर सहज सरकतो, म्हणून कातडीखालची गाठ बोटाला लागते. केस कुठे झडले आहेत ते कळतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते कळतं. खांदा शेकण्याआधी कोरड्या हाताची पाठ लावून पाहिली तर एक जागा शेजारच्या जागेपेक्षा गरम आहे का तेही कळतं. अंगठ्यानं हळू दाबल्यावर बैलानं कातडी थरथरवली, मान खाली घातली किंवा पाय मागे घेतला तर तिथं दुखतं आहे. याहून आधीची एक खूण आहे, ती मात्र वावरात दिसते. जू समोर आणलं की बैल मान बाजूला घेतो. मालक त्याला मस्तीखोर म्हणतो, कामचुकार म्हणतो. मी पाहिलेल्या अशा दहा बैलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या खांद्यात काहीतरी सापडलं.

२०२४ सालच्या खांदशेकणीची एक गोष्ट सांगतो. तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण ओळखीचे शेतकरी बोलावतात. मोझरीपासून जवळच्या एका गावात गेलो होतो. मालक साठीच्या पुढचे, बैलांवर जीव असलेले. डाव्या हाताला गवळाऊ जातीचा पांढरा उंच बैल, उजवीकडे गावठी, काटक, चार बोटं कमी उंचीचा. काका म्हणाले, ‘‘साहेब, हा उजव्या हातचा बैल पंधरा दिवस झाले जू दिसलं का मान काढते. आधी असा नव्हता. वयानं आयशी झाला वाट्टे.’’ बैल आठ वर्षांचा होता. आळशी होण्याचं ते वय नाही.

खांदा धुतल्यावर वशिंडापुढे उजव्या अंगाला लिंबापेक्षा थोडी मोठी सूज दिसली. केस गेलेले, कातडी फाटलेली नाही, हात लावला तर गरम. दाबल्यावर बैलानं मान झटकली. काकांच्या सूनबाईंनी तूप-हळद गरम करून आणली होती आणि चुलीपुढं फडकं तापत होतं. मी त्यांना थांबवलं. ही गोष्ट पारावर ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात राहावी म्हणून थोडी सविस्तर सांगतो. ताज्या, गरम, दुखऱ्या सुजेत आधीच रक्त आणि पाणी साठत असतं. तिच्यावर गरम शेक दिला तर तिथं आणखी रक्त येतं आणि सूज वाढते. पहिल्या दोन दिवसांत गार पाण्याची पट्टी द्यायची असते. जुनी, थंड पडलेली, कडक सूज मात्र शेकानं मऊ होते. आपल्या वाडवडिलांनी ठरवलेला शेक दोन महिन्यांच्या कामानं राठ झालेल्या, थकलेल्या पण निरोगी खांद्यासाठी आहे. तो सणाचा भाग आहे म्हणून सुजलेल्या खांद्यालाही द्यायचा असं नाही. त्या बैलाला त्या रात्री आवतन मिळालं, कपाळाला हळद लागली, पण खांदा शेकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई घालून पाहिलं. पू नव्हता. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप, दुखणं कमी करणारं इंजेक्शन आणि तीन आठवडे जू बंद, असं ठरलं. पू झाला असता तर तो चिरून काढावा लागला असता. कातडी फाटलेली असती तर माश्या बसून किडे पडण्याची भीती होती, कारण भादव्यात उघडी जखम दोन दिवसही सुरक्षित राहत नाही. आणि सूज अशीच राहू देऊन बैल जुंपत राहिले असते तर तिथं कडक गाठ बसली असती. तिला आवाळू म्हणतात. ती शेकानं जात नाही, लेपानं जात नाही, शेवटी कापून काढावी लागते.

इलाज झाला, पण सूज उजव्याच बैलाला का, हे शोधायचं राहिलं होतं. काकांनी जू बाहेर काढून दाखवलं. डवरणीचं लांब जू, मागच्या वर्षी नवीन केलेलं. मी टेप लावली. दोन बैलांच्या खांद्यांच्या जागांमध्ये ७२ इंच अंतर होतं. नाडा बांधायची घळ मध्यावर, म्हणजे ३६ इंचांवर हवी. नव्या जुवाला सुताराकडून घळ पाडून घ्यायची राहून गेली होती, त्यामुळे नाडा कामात सरकत होता. लाकडावर तो घासल्याची खूण उजव्या खांद्यापासून ३२ इंचांवर आणि डाव्यापासून ४० इंचांवर होती. तराजूची दांडी डोळ्यांपुढे आणा. ज्या बाजूची दांडी आखूड, त्या बाजूला भार जास्त. इथं एकूण ओढीचे ७२ भाग केले तर ४० भाग उजव्या बैलावर आणि ३२ डाव्यावर पडत होते. डवऱ्याची ओढ ५० किलो धरली तर उजवा सुमारे २८ किलो ओढत होता आणि डावा २२. सहा किलोंचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. पण वर सांगितलेला डवरणीचा हिशेब घ्या. पाच एकरांच्या चार डवरण्यांत जोडी जवळजवळ ९० किलोमीटर चालते, आणि त्यातल्या प्रत्येक पावलाला हा फरक होता. शिवाय उजवा बैल बुटका. जू त्याच्याकडे कललेलं, म्हणजे जुवाचं वजनही त्याच्याकडेच जास्त.

हे काकांना समजावताना त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘‘हे तं मले माईत हाय साहेब. नवा गोऱ्हा शिकवतो तवा आमी नाडा जुन्या बैलाकडं सरकवतो, मंग गोऱ्ह्याले हलकं जाते.’’ म्हणजे तरफेचा नियम त्यांना येत होता, आयुष्यभर ते तो वापरत होते. फक्त तो आपल्याच जुवात उलटा लागला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. नंतर त्यांनी घळ पाडून घेतली, ती मुद्दाम दोन इंच डाव्या, उंच आणि दांडग्या बैलाकडे. उजव्या बाजूच्या जुवाखाली गोणपाटाची जाड घडी शिवून लावली. तिनं उंचीतला फरक थोडा भरून निघाला आणि लाकूडही मऊ जागेवर टेकू लागलं.

पोळ्याच्या दिवसाचं वर्णन संहितेत भरपूर आहे आणि चांगलं आहे, म्हणून मी ते पुन्हा करत नाही. शिंगांना बेगड आणि हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळावर मटाट्या आणि बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा, आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली रांगेत उभ्या जोड्या, मानाची जोडी पुढे, झडत्या म्हणणाऱ्यांची चढाओढ, तोरण तुटलं की पोळा फुटला म्हणून होणारा कल्ला, मग घरोघरी ओवाळणं आणि बैल घेऊन आलेल्याच्या हातावर ठेवलेला बोजारा. झडत्यांविषयी एकच सांगतो. महादेव-पार्वतीचं नाव घेऊन सुरू होणाऱ्या या झडत्यांमध्ये शेतकरी सावकाराला, सरकारला, कापसाच्या भावाला भर आखरावर जाब विचारतो. बैलाच्या सणाला माणसाची गाऱ्हाणी का निघतात असं एका मुलानं संहितेत विचारलं आहे. बैल आणि शेतकरी दोघे एकाच जोखडाखाली आहेत, हे त्याच्या आजोबांनी दिलेलं उत्तर मला पटतं.

नव्या वेसणीबद्दल मात्र एक सूचना जोडतो. जुनी वेसण काढल्यावर नाकाचं भोक उजेडात बघून घ्यावं. सुजलेलं किंवा ओलं असेल तर त्या दिवशी नवी ओवू नये. नवी सुती दोरी आधी तेल लावून मऊ करावी. सणासाठी आणलेली रंगीत नायलॉनची दोरी दिसायला सुंदर असते, पण नाकाची कड कापते.

आणि पुरणपोळी. पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात नेहमीपेक्षा जास्त बैल यायचे, ते मुख्यतः पोट बिघडून. बैल वीस घरी ओवाळला जातो. प्रत्येक घरची बाई प्रेमानं एक अख्खी पोळी देते, कुणी वर भात देते, कुणी ज्वारीचे दाणे पुढं करते. कुणाचं काही चुकत नाही. पण बैलाचं पहिलं मोठं पोट चाऱ्यासाठी आहे. कडबा आणि कुटार पचवणारे जिवाणू तिथं असतात. पिठाचा आणि गुळाचा ढीग एकदम पोटात गेला की दुसऱ्याच जातीचे जिवाणू झपाट्यानं वाढतात, पोटात आंबट तयार होतं आणि चारा पचवणारे जिवाणू मरतात. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बैल रवंथ करायचा थांबतो, डावी भकाळी फुगते, शेण पातळ आणि आंबूस वासाचं पडतं, बैल दात खातो आणि बसून राहतो. अशा वेळी नळीनं तेल पाजायचा घरगुती प्रयोग जिवावर बेततो, कारण बसलेल्या, अशक्त बैलाच्या फुप्फुसात तेल जातं. दाणा बंद करून थोडा कोरडा कडबा पुढे ठेवावा आणि लगेच डॉक्टरांना बोलवावं. न होऊ देण्याचा उपाय सोपा आहे आणि संहितेनं तो छान दाखवला आहे. घरून निघतानाच बैलाला पोटभर कडबा द्यायचा, आणि प्रत्येक ओवाळणाऱ्या बाईकडून पोळीचा एक घास. उरलेली पोळी बैल आणणाऱ्या माणसाला. संहितेत आजी म्हणते की पूर्वी असंच होतं. मला आठवतं त्याप्रमाणेही असंच होतं.

गुरुकुंजाचा संबंध या संहितेत दोन ठिकाणी येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभा केला आणि १९५५ मध्ये ग्रामगीता आली. तिच्यात गोवंश-सुधार या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबरीनं बैलाच्या आणि गाईच्या निगराणीचा विचार त्यांनी गावाच्या बांधणीत केला, हे लेखकांनी मांडलं आहे. दुसरं ठिकाण मला अधिक आवडलं. प्रार्थनेनंतरच्या सभेत मुलांनी १९६५ च्या केंद्रीय नियमांतल्या तीन गोष्टी वाचून दाखवाव्यात असं त्यांनी सुचवलं आहे. ओझं ओढणाऱ्या जनावराला दिवसाला ९ तासांहून जास्त कामाला लावू नये. सलग ५ तासांहून जास्त विसाव्याशिवाय ठेवू नये. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ काम बंद. त्याच नियमांत टोकदार आरीची मनाई आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि तुतारीच्या टोकाला आर अजून सर्रास दिसते. पोळ्याच्या एका दिवशी तुतारी खुंटीला टांगतात. हे नियम तीच गोष्ट उरलेल्या दिवसांसाठी सांगतात.

शेवटच्या भागात आजची स्थिती आली आहे. मी ती थोडक्यात घेतो, कारण मुलांनी ती प्रामाणिकपणे लिहिली आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातली गाई-बैलांची संख्या सुमारे एक दशांशानं घटली. वखरणी, पेरणी ट्रॅक्टरवर गेली. आखरावर ज्या गावी शंभर जोड्या उभ्या राहत तिथं आता वीस-पंचवीस येतात, काही ठिकाणी त्यांच्यामागे ट्रॅक्टरही पानं-फुलं लावून उभा असतो. लम्पीच्या साथीत २०२३ साली अनेक जिल्ह्यांत बैल एकत्र आणायलाच मनाई झाली, आणि लोकांनी कोठ्यातच पूजा केली. तो निर्णय योग्य होता. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, आणि भर पावसाळ्यात शंभर जनावरं खेटून उभी करणं म्हणजे त्याला वाट करून देणं. म्हातारा बैल हा प्रश्न मात्र संहितेत एका ओळीत आटोपला आहे, आणि तिथं मी लेखकांशी भांडलो. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला मनाई आहे. कामातून गेलेला बैल बाजारात कोणी घेत नाही, आणि त्याला रोजचा आठ-दहा किलो चारा तर लागतोच. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो कसा पोसायचा हा प्रश्न नुसती कृतज्ञता बाळगून सुटत नाही. काही गावांनी गावकीच्या चाऱ्यावर असे बैल ठेवले, काहींनी जवळच्या गोरक्षणात दिले, काहींनी रात्री रस्त्यावर सोडले. पुढच्या आवृत्तीत मुलांनी आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या बैलांची मोजणी करून लिहावं, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी ते कबूल केलं आहे.

काकांच्या बैलाचं राहिलं. तीन आठवड्यांनी सूज उतरली. बोटाला लागेल एवढी, हरभऱ्याच्या दाण्यासारखी जागा मात्र उरली. पोळ्याच्या दिवशी तो तोरणाखाली आला होता, पण झुलीचा दोर त्याच्या मानेवरून घेतला नव्हता, पोटाखालून बांधला होता. सोयाबीन काढणीला तो हलक्या बंडीला जुंपला गेला आणि जू समोर आणल्यावर त्यानं मान खाली घातली, बाजूला घेतली नाही. २०२५ च्या खांदशेकणीला मी पुन्हा गेलो. पोळा २२ ऑगस्टलाच होता, डवरणी अजून राहिलेली होती. या वेळी सूनबाईंनी फडकं चुलीपुढे ठेवण्याआधी स्वतः हाताची पाठ खांद्यावर लावली, दोन्ही बाजूंना, आधी उजवीकडे. मग मला म्हणाल्या, ‘‘थंड हाय, साहेब. आता शेकू?’’